पंप साइटवर उतरले म्हणून काम चाळीस टक्के झालं का? (लांब कंत्राटाचा रेव्हेन्यू)

परळचा_हिशेबनीस

पावसाळी पाण्याच्या एका पंपिंग स्टेशनचं उदाहरण घेतोय. आकडे सोयीसाठी गोल केलेत, काम मात्र हाजी अली किंवा इर्ल्याला आहे तशाच जातीचं: खाडीलगत पायलिंग, वर आरसीसी, आत मोठे पंप.

कंत्राट ९० कोटींचं (जीएसटी सोडून), मुदत तीन वर्षं, जागा महापालिकेची. खर्चाचा एकूण अंदाज ७५ कोटी. त्यात पंप १५ कोटींचे, बाहेरच्या उत्पादकाकडून तयार विकत घ्यायचे. बाकी सगळं सिव्हिल आणि फिटिंग मिळून ६० कोटी.

पहिल्या ३१ मार्चला खात्यात ३०.६० कोटी खर्च पडलेला दिसतो. त्यातले १५ कोटी पंपांचे. ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साइटवर आले आणि ताडपत्रीखाली उभे आहेत. बसवायला अजून वर्ष आहे. आणखी ६० लाख इंटेग्रिटी टेस्टमध्ये नापास झालेल्या पाइलच्या जागी नव्या पाइल घालण्यात गेले.

वरिष्ठांचं गणित: ३०.६० भागिले ७५ म्हणजे ४०.८ टक्के. ९० कोटींचे ४०.८ टक्के म्हणजे ३६.७२ कोटी रेव्हेन्यू, नफा ६.१२ कोटी.

मला हे पटत नाही, पण नेमकं कुठे चुकतंय ते कागदावर मांडायचंय. कंपनीला इंड एएस ही लेखामानकं लागू आहेत.

खाडीकाठ

आधी एक बाजूला ठेवू. हस्तांतरापर्यंत न थांबता दरवर्षी रेव्हेन्यू का घ्यायचा, याबद्दल इथे वाद नाही. जमीन महापालिकेची आहे, तुम्ही ओतलेला प्रत्येक घनमीटर काँक्रीट ओतल्या क्षणी त्यांच्या मालमत्तेत जमा होतो. उद्या तुम्हाला काढून दुसरा कंत्राटदार आणला तर तो तुमच्या पाइलवरच पाइल कॅप बांधेल, पाइल उपटून पुन्हा घालणार नाही. इंड एएस ११५ या रेव्हेन्यूच्या मानकातल्या तीन कसोट्यांपैकी ही एक पुरते, तिन्ही लागत नाहीत.

आता गणित. खर्चावरून टक्केवारी काढताना आपण गृहीत धरतो की खर्च झाला तेवढं काम सरकलं. हे गृहीतक तुमच्या आकड्यांत दोन ठिकाणी मोडतं.

एक, ६० लाखांच्या बदली पाइल. त्या ७५ कोटींच्या अंदाजात नव्हत्याच. पालिकेला पाइल एकच मिळाली, तुम्ही पैसे दोनदा घातले. हा खर्च टक्केवारीत धरायचा नाही, त्या वर्षाच्या नफ्यातून सरळ वजा करायचा.

दोन, पंप. क्रेनने उतरवून ताडपत्री टाकणं म्हणजे स्टेशन २० टक्क्यांनी पुढे सरकणं नव्हे. पंपांचा ताबा आधीच गिऱ्हाइकाकडे गेला असेल, बसवणं मात्र बरंच नंतर असेल, किंमत एकूण खर्चाच्या मानाने मोठी असेल, आणि पंपांचं डिझाइन वा उत्पादन यात तुमचा मोठा हात नसेल, तर त्या पंपांवर रेव्हेन्यू खर्चाइतकाच घ्यायचा, नफा शून्य. आणि टक्केवारीतून पंप वरून-खालून दोन्हीकडून काढायचे.

म्हणजे वर राहिले १५ कोटी, खाली ६०. काम झालं २५ टक्के. कंत्राटाच्या ९० मधून पंपांचे १५ काढले की उरतात ७५, त्याचे २५ टक्के १८.७५. त्यात पंपांचे १५ मिळवा, रेव्हेन्यू ३३.७५ कोटी. खर्च ३०.६०. नफा ३.१५ कोटी.

वरिष्ठांच्या ६.१२ च्या जवळजवळ निम्मा. आणि गंमत अशी की रेव्हेन्यूत फरक तीनच कोटींचा आहे. म्हणून हे नुसतं टर्नओव्हर बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

जुना_एएस_सात

पंप विशेष या कामासाठी बनवून घेतले असतील तर ते टक्केवारीत धरायचे असतात. मोठे व्हर्टिकल पंप कोणी दुकानातून उचलून आणत नाही, डिस्चार्ज आणि हेड बघून ऑर्डर जाते. म्हणजे ते या कंत्राटासाठीच बनलेत. मग वरिष्ठांचे चाळीस टक्के बरोबर आहेत, फक्त ते साठ लाख काढा.

खाडीकाठ

तुम्ही म्हणताय तो नियम आहे, पण एएस ७ या बांधकाम कंत्राटांच्या जुन्या मानकात. तिथे साइटवर पडलेला, न बसवलेला माल टक्केवारीतून वगळतात, आणि खास त्या कंत्राटासाठी बनवलेला असेल तर मात्र धरतात. इंड एएस लागू नसलेल्या कंत्राटदाराला तो नियम आजही चालतो.

११५ मध्ये प्रश्न वेगळा विचारलाय. पंप खास बनवलाय का हा प्रश्न नाही, तो बनवण्यात कंत्राटदाराचा मोठा हात होता का हा आहे. स्पेसिफिकेशन पाठवलं आणि उत्पादकाने डिझाइन करून पाठवलं, तर तुम्ही खरेदीदार. तुमच्याच वर्कशॉपमध्ये गेट किंवा ट्रॅश रॅक बनतात, तिथे गोष्ट वेगळी, ते काम तुमचं आहे आणि टक्केवारीत येतं.

जुना_एएस_सात

मान्य. एएस ७ लागू असलेल्या गिऱ्हाइकांमध्येच आयुष्य चाललंय, हात तिकडेच वळतो. पण मग पंप बसवल्यावर काय? वगळलेला नफा त्या वर्षी एकदम येणार का?

रसिका_ठाणे

नाही येणार, कारण वगळलेला नफा शिल्लकच राहत नाही. गणित करून बघा ना. एकूण नफा ९० वजा ७५, म्हणजे १५ कोटी. पंप काढल्यावर रेव्हेन्यू ७५, खर्च ६०, फरक पुन्हा १५ च. सगळा नफा उरलेल्या साठ कोटींच्या कामावर पसरला गेलाय. पंप बसवण्याची मजुरी, क्रेन, अलाइनमेंट, टेस्टिंग हे त्या साठात आहेच, ते खर्च पडतील तसा नफा येत जाईल. पंप टक्केवारीत परत घुसवले तर तोच नफा दोनदा मोजाल.

शीटमध्ये मी हे असं ठेवते:

```
B2  कंत्राट किंमत            90
B3  न बसवलेला मोठा माल        15
B4  एकूण अंदाज (माल धरून)     75
B5  खर्च (माल, वाया सोडून)     15
B6  टक्केवारी    =B5/(B4-B3)
B7  रेव्हेन्यू     =B6*(B2-B3)+B3
```

B3 मध्ये आकडा टाकायचा तो ताबा गेल्यावरच. पंपांची ऑर्डर दिली, अॅडव्हान्स गेला, एवढ्यावर तिथे काही लिहायचं नाही.

स्लॅब_भरणी

एवढा घोळ कशाला? साइटवरून बिल जातंच ना दर महिन्याला. आरए, म्हणजे चालू कामाचं बिल पास झालं, एमबी, म्हणजे मोजमाप वहीवर सही झाली, तेवढा रेव्हेन्यू. इंजिनियरने मोजलेलं काम हेच खरं काम. अकाउंट्सवाले टेबलावर बसून टक्के काढतात, त्यापेक्षा साइटचं मोजमाप बरं.

खाडीकाठ

मोजमापावरून रेव्हेन्यू घेणं गैर नाही, तीही मान्य पद्धत आहे. पण मोजमाप आणि आरए बिल या दोन वस्तू वेगळ्या. बिलात दोन खोडी असतात.

पहिली तारखेची. मार्चचं बिल बहुधा वीस-बावीस तारखेपर्यंतच्या मोजणीचं असतं. पुढचे आठ-दहा दिवस म्हणजे मुंबईत पावसाआधीची घाई, रात्रपाळ्या, सर्वांत जास्त काँक्रीट. ते काम बिलात नाही, पण झालंय.

दुसरी दरांची, आणि ती जास्त गंभीर. बीओक्यू, म्हणजे परिमाणं आणि दरांची यादी भरताना पायलिंग आणि खोदाईचे दर फुगवून ठेवायची आणि शेवटच्या फिनिशिंगचे दाबून ठेवायची रीत कोणाला माहीत नाही? पैसा लवकर हातात यावा म्हणून. कॅश फ्लोसाठी ते ठीक. पण बिल म्हणजेच रेव्हेन्यू धरलात तर पहिल्या वर्षी नफाच नफा आणि शेवटच्या वर्षी, जेव्हा स्वस्तात कबूल केलेलं फिनिशिंग खऱ्या भावाने करून घ्यावं लागतं, तेव्हा तोटा. बिलाची रक्कम त्या कामाच्या खऱ्या किमतीशी जुळत असेल तरच बिल हे माप चालतं.

स्लॅब_भरणी

दर फुगवणं हा शब्द कडक आहे, पण असो. मग एमबीतली परिमाणं घ्या, दर सोडा.

खाडीकाठ

चालेल. पण पाइलचे मीटर, काँक्रीटचे घनमीटर आणि केबलचे रनिंग मीटर यांची बेरीज कशाच्या आधारे करणार? शेवटी प्रत्येकाला काहीतरी वजन द्यावं लागतं, आणि ते वजन बहुतेक वेळा अंदाजित खर्चाचंच असतं. खर्चाच्या टक्केवारीला पडताळा म्हणून मोजमाप उत्तम. दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक आला तर कुठेतरी माल पडून आहे, वाया गेलाय, किंवा एकूण अंदाज शिळा झालाय असं समजा.

मुलुंडची_सोसायटी

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय. बिल्डरचं म्हणणं वीस मजले झाले म्हणजे साठ टक्के काम झालं, आणि त्या हिशेबाने सदनिका विकत घेणाऱ्यांकडून हप्ते मागतोय. या धाग्यातल्या नियमाने त्याला तेवढे पैसे मागता येतात का? आणि तो ताळेबंदात नफा दाखवतो का?

रसिका_ठाणे

काका, हप्ते किती आणि कधी हे विक्री करारावर आणि रेराच्या नियमांवर ठरतं. इथे चाललंय ते कंत्राटदाराने स्वतःच्या पुस्तकात रेव्हेन्यू कधी लिहायचा याबद्दल. रेव्हेन्यू लिहिला म्हणून कोणाकडून पैसे मागता येत नाहीत, आणि पैसे आले म्हणून रेव्हेन्यू होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरला वर सांगितलेली जमिनीची कसोटी सहसा लागत नाही, कारण अर्धवट बांधलेला फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या ताब्यात नसतो. त्याला दुसरी कसोटी लागते: झालेल्या कामाचे पैसे वसूल करण्याचा पक्का कायदेशीर हक्क आहे का. यावर मतं वेगळी आहेत. इंड एएसवाले बरेच बिल्डर ओसी किंवा ताबा देईपर्यंत थांबतात. ज्यांना इंड एएस नाही त्यांच्यासाठी आयसीएआयचं २०१२ चं मार्गदर्शक टिपण आहे. त्यात बाकी अटींबरोबर बांधकाम खर्च किमान २५ टक्के, विक्रीयोग्य क्षेत्र किमान २५ टक्के करारबद्ध आणि प्रत्येक करारात किमान १० टक्के रक्कम हातात, असे उंबरठे आहेत.

मुलुंडची_सोसायटी

म्हणजे माझा धागा वेगळा. धन्यवाद. पण वीस मजले म्हणजे साठ टक्के, हे तरी खरं का?

स्लॅब_भरणी

आरसीसी उभं राहिलं की डोळ्याला इमारत झालेली दिसते. आत प्लंबिंग, प्लास्टर, लिफ्ट, फायर, टाइल्स सगळं बाकी असतं. मजले मोजून टक्के काढू नका, एवढंच सांगतो.

परळचा_हिशेबनीस

मूळ मुद्द्यावर येतो. खाडीकाठ यांनी "ताबा गिऱ्हाइकाकडे गेला असेल तर" असं लिहिलं. पंप साइटवर आहेत, जागा पालिकेची. पण पंपांचं बिल अजून लागलेलं नाही, विमा कंत्राटदाराचा, चोरी झाली तर नुकसान कंत्राटदाराचं. ताबा गेला म्हणायचं की नाही?

खाडीकाठ

हा खरा गाठीचा प्रश्न आहे, आणि उत्तरावर पावणे सोळा कोटींचा रेव्हेन्यू टांगलेला आहे.

ताबा गेला नसेल तर पंप तुमचाच माल. ते साठ्यात दाखवायचे, रेव्हेन्यू नाही, टक्केवारीच्या वरच्या आकड्यातही नाहीत. पण मग खालून ते काढायचं कारण उरत नाही, कारण बसवताना ताबा आणि काम एकत्रच जाणार. म्हणजे १५ भागिले ७५, २० टक्के. ९० चे २० टक्के, १८ कोटी. नापास पाइल धरून खर्च १५.६०. नफा २.४० कोटी.

तिन्ही उत्तरं शेजारी ठेवा. रेव्हेन्यू ३६.७२, ३३.७५, १८. नफा ६.१२, ३.१५, २.४०. साइट तीच, ताडपत्री तीच.

कंत्राटात काय बघायचं? साइटवर आणलेला माल कामासाठी आला की मालकी पालिकेची होते असं कलम आहे का, कंत्राटदाराला तो परवानगीशिवाय बाहेर नेता येतो का, आणि मालापोटी पैसे मिळाले का. फक्त विमा कोणाचा यावर निकाल लावू नका, धोका हा अनेक खुणांपैकी एक.

रसिका_ठाणे

मी इथे खाडीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मालावर सिक्युअर्ड अॅडव्हान्स घेतला तर इन्डेम्निटी बाँड द्यावा लागतो, आणि अनेक ऑडिटर त्यावरून ताबा गेला असं धरतात. पण अॅडव्हान्स म्हणजे तारण ठेवून घेतलेले पैसे, विक्री नाही. सोनं सराफाकडे गहाण ठेवलं म्हणून ते त्याचं होतं का? माझ्या मते परत नेण्याची बंदी हे जास्त वजनदार. अॅडव्हान्स हा नुसता जोडपुरावा.

खाडीकाठ

गहाणाचा दृष्टांत अर्धा लागू पडतो. पंप या साइटच्या मापाचे आहेत, बाहेर नेऊन विकणार कोणाला? पण मान्य, कलम न वाचता मी कोणतंही उत्तर देणार नाही. कंत्राटाच्या सामान्य अटी स्कॅन करून टाका, ऑडिटरचं मत त्यावरच बनेल.

परळचा_हिशेबनीस

कलम मागवतो. समजा ताबा गेलाय असं ठरलं, म्हणजे पहिल्या वर्षी ३३.७५. दुसऱ्या वर्षी खडक लागला. खाली बेसॉल्ट अपेक्षेपेक्षा वर आणि कडक, चिझलिंगला वेळ, स्टीलही महाग. पंप सोडून उरलेल्या कामाचा अंदाज ६० वरून ६६ कोटी झाला. दुसऱ्या ३१ मार्चपर्यंत त्यातले ३९.६० खर्च झाले (बदली पाइल सोडून). पहिल्या वर्षाचे आकडे परत उघडायचे का?

रसिका_ठाणे

नाही. जुनं वर्ष त्या वेळच्या माहितीवर बरोबर होतं. नवी माहिती आली की सगळा परिणाम चालू वर्षात.

३९.६० भागिले ६६, म्हणजे ६० टक्के. रेव्हेन्यू आजवरचा: ७५ चे ६० टक्के ४५, अधिक पंपांचे १५, एकूण ६० कोटी. गेल्या वर्षी ३३.७५ घेतले, यंदा २६.२५. यंदाचा खर्च ३९.६० वजा १५, म्हणजे २४.६०. नफा १.६५ कोटी.

यंदा २५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आलात, म्हणजे जास्त काम, आणि नफा गेल्या वर्षापेक्षा कमी. वरिष्ठ विचारतील का. उत्तर: नव्या अंदाजाने कंत्राटाचा एकूण नफा १५ वरून ९ कोटी झालाय. गेल्या वर्षी २५ टक्के वाटलेलं काम आताच्या डोळ्यांनी २२.७ टक्केच होतं. गेल्या वर्षी ३.७५ नफा घेतला, नव्या हिशेबाने तो २.०५ इतकाच हवा होता. ते १.७० कोटी यंदाच्या नफ्यातून परत गेले.

(नापास पाइलचे ६० लाख मी दोन्ही वर्षांत बाजूला ठेवलेत. ते पहिल्या वर्षीच नफ्यातून गेले.)

खाडीकाठ

त्यात एक पुरवणी, कारण अंदाज कसा बदलतो हे बहुतेक ठिकाणी चुकतं. साइटला फोन करून "एकूण अंदाज किती?" विचारलं तर उत्तर येतं, "पंचाहत्तरच, टेंडरला तेवढाच आहे." विचारायचं ते "इथून पुढे काम संपवायला किती लागतील?" बाकी पाइल किती, त्यातल्या खडकातले मीटर किती, आजचा दर काय, क्रेन आणि बॅचिंग प्लांट किती महिने उभे राहणार, त्यात पावसाळा किती. ती बेरीज झालेल्या खर्चात मिळवा, तो तुमचा नवा अंदाज.

मुंबईतल्या साइटला पावसाळ्याचे महिने टेंडरमध्येच धरलेले असतात, त्यामुळे जुलैत यंत्र उभं राहणं हा नेहमीचा खर्च, टक्केवारीत येतो. मऊ चिखलात पाइलच्या भोकात सैद्धांतिक आकारमानापेक्षा जास्त काँक्रीट जातं, तेही थोडंफार अंदाजात असतं. त्या धरलेल्या प्रमाणाच्या पलीकडे गेलेलं काँक्रीट, नापास पाइल, चुकीच्या लेव्हलला ओतून तोडलेली रॅफ्ट, हे वायाच. रेषा कुठे ओढायची ते टेंडरच्या अंदाजपत्रकात शोधा, डोक्यात नको.

घोळ कसा ओळखायचा? कंत्राटाचा एकूण अंदाज चार तिमाही एकाच आकड्यावर थांबलाय आणि साइटवर मात्र खडक लागलाय, तर तो अंदाज कोणी केलेलाच नाही. दुसरी खूण: न बिललेला रेव्हेन्यू तिमाहीमागून तिमाही वाढतो, पण आरए बिलं तेवढी वाढत नाहीत. गिऱ्हाइकाने न मोजलेलं काम आपण एवढं कुठे केलं, याचं उत्तर साइटला देता आलं नाही तर अंदाज कमी धरलाय.

जुना_एएस_सात

उलटी चूकही होते. सबकंत्राटदाराने मार्चमध्ये काम केलं, बिल मेमध्ये दिलं, तरतूद केलीच नाही. खर्च कमी, टक्केवारी कमी, रेव्हेन्यू कमी. आणि सबकंत्राटदाराला दिलेला अॅडव्हान्स खर्चात धरणारेही पाहिलेत, म्हणजे काम न करता टक्के वाढले. दोन्ही एकाच साइटवर एकत्र असली की एकमेकांना झाकतात, ऑडिटला सापडत नाहीत.

स्लॅब_भरणी

ते झालं. पण अंदाज ६६ वर न थांबता ७८ गेला तर? मग ७८ आणि १५ मिळून ९३, कंत्राट ९० चं. तीन कोटींचा खड्डा. तोही टक्क्याटक्क्याने का?

खाडीकाठ

नाही. तोटा दिसला की पूर्ण तोटा लगेच, काम पन्नास टक्के असो की पाच. ३९.६० भागिले ७८, काम साधारण ५०.८ टक्के. त्या प्रमाणात तोटा १.५२ कोटी पुस्तकात येतोच, उरलेल्या १.४८ ची तरतूद त्याच तारखेला करायची. शिवाय आधी घेतलेला ३.७५ नफा परत जातो. म्हणून त्या वर्षाच्या खात्यात ६.७५ चा फटका दिसेल.

रसिका_ठाणे

आणि आयकरात ही १.४८ ची तरतूद चालत नाही, हे लक्षात ठेवा. आयकराच्या आयसीडीएस ३ या मानकात पुढच्या तोट्याला जागा नाही, झालेल्या कामाच्या प्रमाणातच तोटा मिळतो. तिथे अजून एक फरक: सुरुवातीच्या टप्प्यात निकालाचा अंदाज लागत नाही म्हणून खर्चाइतकाच रेव्हेन्यू घ्यायची मुभा २५ टक्क्यांपर्यंतच. पुढे नफा दाखवावाच लागतो. बिलातून राखून ठेवलेली रिटेन्शनही तिथे रेव्हेन्यूत धरतात. पुस्तक आणि करविवरण यांचे आकडे जुळणार नाहीत, जुळवायचा प्रयत्नही करू नका, फरकाचा तक्ता ठेवा.

स्लॅब_भरणी

जीएसटी या न बिललेल्या रेव्हेन्यूवर?

जुना_एएस_सात

नाही, तो बिलाच्या किंवा पैशाच्या वेळेने चालतो. पुस्तकातला टर्नओव्हर आणि विवरणपत्रातला जुळत नाही म्हणून नोटीस येते, तेव्हा ३१ मार्चचा न बिललेला रेव्हेन्यू कंत्राटवार हाताशी असला पाहिजे. जीएसटीआर-९सी हे जुळवणीचं विवरण भरताना तो लागतोच.

परळचा_हिशेबनीस

आता शेवटचं, आणि हे माझ्याकडे अजून लटकलंय. खडकाचा ४ कोटींचा क्लेम पालिकेकडे दिलाय. वरिष्ठ म्हणतात इंजिनियर साहेबांनी तोंडी "होईल" म्हटलंय, किंमत ९४ धरा. धरली तर दुसऱ्या वर्षी ७९ चे ६० टक्के ४७.४० अधिक १५, म्हणजे ६२.४०. नफा १.६५ ऐवजी ४.०५. एका "होईल"वर अडीच पट.

खाडीकाठ

तोंडी होकारावर ९४ धरणार नाही. एक्स्ट्रा आयटेमला मंजुरीचं पत्र, दर ठरल्याचं पत्र, किंवा निदान कंत्राटात अनपेक्षित खडकाच्या मोबदल्याचं स्पष्ट कलम आणि खोदाईच्या नोंदींवर त्यांच्या प्रतिनिधीची सही, यातलं काहीतरी हवं. हक्क कागदावर उभा राहिला की मग रकमेचा प्रश्न, आणि तिथेही तेवढीच रक्कम, जी पुढे मोठ्या प्रमाणात परत जाणार नाही याची बऱ्यापैकी खात्री आहे. क्लेम ४ चा असला तरी १ धरता येईल, ३ थांबवता येतील.

रसिका_ठाणे

मी शून्य धरीन. अशा क्लेमचा शेवट लवादात होतो, रक्कम आणि वर्ष दोन्ही तुमच्या हातात नाहीत.

जुना_एएस_सात

शून्य धरलं आणि पुढच्या वर्षी २ कोटी मंजूर झाले तर त्या वर्षी एकदम फुगवटा येईल, तेही वाचणाऱ्याला खोटंच वाटेल. खडकाच्या पातळीवर त्यांच्याच सल्लागाराची सही असेल तर मी खाडीकाठ यांच्या बाजूने.

स्लॅब_भरणी

बोअर लॉगवर, म्हणजे खोदाईच्या नोंदीवर सही आहे का ते आधी विचारा. साइटवर ती बहुतेकदा दोन महिन्यांनी घेतात, आणि तोवर खडक काँक्रीटखाली गेलेला असतो.

परळचा_हिशेबनीस

विचारलं. एकूण पाइलपैकी निम्म्यांच्याच लॉगवर सही आहे. उरलेल्यांचे फोटो आहेत, तारखांसकट.